‘आंधळा कारभार’, ‘पांगळी योजना’, ‘मतिमंद मुलगी’: बातमीत आणि वर्गात याऐवजी काय?

मजकूर_तपासनीस (जळगाव)

नमस्कार मंडळी. मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. तालुक्यांतून वार्ताहरांचा मजकूर येतो, तो तपासायचा, मथळा लावायचा आणि पानावर सोडायचा. परवा आलेल्या एका पाणीटंचाईच्या बातमीचा हा मजकूर जसाच्या तसा देतो. गावाचं नाव तेवढं काढलंय.

मथळा: ‘पाणी योजना पांगळी, आंधळ्या-बहिऱ्या प्रशासनाला जाग येईना’

मजकूर: ‘गावात बाराव्या दिवशी पाणी येत असून अधिकारी लंगड्या सबबी सांगून वेळ मारून नेत आहेत. ग्रामसेवकाने आंधळ्याचे सोंग घेतले आहे. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, अशी गत झाली असून ग्रामस्थांसह मुक्या जनावरांचेही हाल होत आहेत.’

बातमी खरी आहे, गावाचे हालही खरे आहेत. पण चार ओळींत आंधळा, बहिरा, लंगडा, पांगळा, मुका सगळे आले, आणि एवढं वाचूनही पाणी नेमकं कशामुळे येत नाही ते कळलं नाही. मला वार्ताहरांसाठी एक पानाचं टिपण करायचंय. मथळ्याची धार जाता कामा नये आणि तीन कॉलमच्या जागेत शब्द बसले पाहिजेत. इथे शिक्षक मंडळीही आहेत. तुम्ही वर्गात काय करता तेही सांगा, कारण आमचे वार्ताहर हीच भाषा शाळेतून घेऊन येतात.

भो_धुळेकर

भो, आपली भाषाच अशी शे. मन्ही माय जातावर दयता दयता म्हने, “आंधयं दये, कुत्रं पीठ खाय”. तिच्या मनात कोणा आंधळ्या माणसाबद्दल वाईट नव्हतं. गल्लीतल्या एका आंधळ्या आजोबांना रोज भाकर तीच नेऊन द्यायची. म्हणी काढल्या तर अहिराणीत उरेल काय? आधी शाळेनं आमची बोली गावंढळ ठरवली, आता तिच्या म्हणीही वाईट ठरवायच्या का? हे मी रागानं नाही, काळजीनं विचारतोय.

श्राव्य_वाचक (चाळीसगाव)

धुळेकर आप्पा, तुमच्या आईबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, बँकेत नोकरी करतो, हा धागा मोबाईल मला वाचून दाखवतोय. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली त्या म्हणीची. जातं डोळ्यांनी चालत नाही. एका हातानं खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हातानं तोंडात मूठ मूठ दाणे सोडायचे. दाणे कमी पडले की घरघर बदलते, ती कानाला कळते. पीठ जाड पडतंय की बारीक, ते बोटांना कळतं. कुत्रं पिठाला लागलं तर त्याच्या जिभेचा आवाज हातभरावर येतो. माझी आत्या माझ्यासारखीच अंध होती आणि दिवाळीच्या आधी शेजारणी तिच्याकडे दळण आणून टाकायच्या. ही म्हण जिनं पहिल्यांदा म्हटली तिनं अंध बाई दळताना पाहिली नसावी, असं मला वाटतं. तरी जुन्या माणसांच्या तोंडी ती असली म्हणून मी भांडायला जाणार नाही.

माझं भांडण दुसऱ्या गोष्टीशी आहे, ‘आंधळ्या प्रशासनाशी’. प्रशासनाला दिसतं. अर्जावर त्यांचाच आवक शिक्का असतो. दिसूनही काही केलं नाही हा त्यांचा गुन्हा. मला दिसत नाही, यात माझा काय गुन्हा? या मथळ्यानं त्यांचा दोष माझ्या खात्यावर मांडला आणि वर त्यांना पळवाटही दिली, कारण ज्याला दिसतच नाही त्याला जाब कोण विचारणार?

आणि एक विनंती. टिपण करताना ‘पाहू’, ‘बघतो’, ‘काल सामना पाहिला’ असले शब्द माझ्यासमोर गिळत बसू नका. मीही ‘सामना पाहिला’ असंच म्हणतो. लोक बोलता बोलता अडखळतात, तेच जास्त खटकतं.

कलम_कायदा

एवढी चर्चा कशाला? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 92. दिव्यांगांचा अपमान केला तर 6 महिने ते 5 वर्षं कैद. ‘आंधळा’ छापलं की संपादक आत. टिपणात ही एक ओळ टाका, वार्ताहर आपोआप सरळ होतील.

विशेष_शिक्षिका (अमळनेर)

भाऊ, कलम बरोबर सांगितलंत, शिक्षाही बरोबर आहे. पण ते कलम प्रत्यक्ष माणसाविषयी आहे. चार लोकांसमोर, हेतुपुरस्सर, पाणउतारा करायचा म्हणून एखाद्या दिव्यांग व्यक्तीचा अपमान केला किंवा तिला धमकावलं, तर ते लागू होतं. ‘आंधळा कारभार’ या मथळ्यात अशी व्यक्तीच नाही, त्यामुळे तिथे ते लावता येईल असं मला वाटत नाही. मात्र गावच्या पारावर एखाद्याला हाक मारून ‘ए लंगड्या, तुला कशाला पाहिजे ग्रामसभा’ असं कोणी खिजवलं, तर तिथे ते लागू होऊ शकतं. वार्ताहरांना चुकीचा धाक दाखवू नका. उद्या कोणीतरी कलम उघडून वाचेल आणि मग आपलं सगळंच टिपण बाजूला पडेल.

न्यायालयाचं म्हणाल तर 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका चित्रपटाच्या प्रकरणात दिव्यांगांच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. ती पडद्यावरच्या चित्रणासाठी आहेत, पण त्यातले दोन मुद्दे आपल्या डेस्कलाही उपयोगी पडतील. एक म्हणजे माणसाला त्याच्या व्यंगावरून हिणवणारे शब्द टाळायचे. दुसरा मला जास्त मोलाचा वाटतो. ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘बळी’ अशी भाषा टाळा असं न्यायालयानं म्हटलंय, कारण त्या भाषेत सगळा दोष शरीरावर जातो आणि समाजानं उभे केलेले अडथळे दिसेनासे होतात. ‘अपंगत्वाने ग्रस्त तरुण मतदानापासून वंचित’ असं छापतात. तो वंचित राहिला तो केंद्राला उतरण नव्हती म्हणून, आणि बातमी त्या उतरणीची व्हायला हवी.

मी शिकवताना एकच प्रश्न विचारायला लावते. हा शब्द वापरून तुम्ही समोरच्यावर नेमका कोणता आरोप करताय? तो आरोप सरळ लिहा. ‘बहिरं प्रशासन’ म्हणजे त्यांना ऐकू आलं नाही, की ऐकून सोडून दिलं, की तक्रार त्यांच्यापर्यंत गेलीच नाही? तीन वेगळे आरोप आहेत, आणि प्रत्येकाचा जबाबदार माणूस वेगळा आहे.

मजकूर_तपासनीस

ताई, हा प्रश्न घेऊन आज वार्ताहराला फोन केला. ‘पांगळी म्हणजे काय झालंय?’ असं विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, ‘सर, योजना बंद पडलीय.’ पूर्ण बंद? नाही, विहिरीवरचा पंप जळालाय, जुना कमी ताकदीचा बसवलाय, टाकी भरायला वेळ लागतो म्हणून पाळी बाराव्या दिवसावर गेली. अधिकाऱ्यांची सबब कोणती? ‘निधी नाही.’ आणि ती लंगडी का? तर पंप दुरुस्तीची रक्कम ग्रामसभेच्या ठरावात मंजूर असल्याचं त्याच्याकडे कागदावर आहे. हे त्यानं लिहिलंच नव्हतं! ग्रामस्थांच्या तीन अर्जांच्या पोचपावत्याही त्याच्याकडे आहेत.

नवा मथळा असा लावला: ‘पंप जळाला, ठराव मंजूर, तरी पाणी बाराव्या दिवशी’. खाली उपमथळा: ‘ग्रामस्थांच्या तीन अर्जांकडे कानाडोळा’. मजकुरात ‘निधी नसल्याचे अधिकारी सांगत असले तरी दुरुस्तीच्या खर्चाला ग्रामसभेने मंजुरी दिल्याचे ठरावात नमूद आहे’ एवढं वाक्य. पहिल्या मथळ्यापेक्षा एकही अक्षर जास्त नाही. वार्ताहर स्वतःच म्हणाला, आता त्यांना उत्तर द्यावंच लागेल.

आमच्या भाषेत ‘कानाडोळा’, ‘डोळेझाक’, ‘कानावर हात’, ‘टोलवाटोलवी’, ‘चालढकल’ एवढे शब्द तयार आहेत. हे सगळे जाणूनबुजून केलेल्या दुर्लक्षाचे आहेत, आणि आम्हाला नेमकं तेच म्हणायचं असतं. लंगड्या सबबीला ‘तकलादू’ चालतं. ‘पांगळी आरोग्यसेवा’ला ‘खिळखिळी’ चालेल, पण त्याहून ‘दोन डॉक्टरांवर पूर्ण रुग्णालय’ हे बरं.

भो_धुळेकर

‘कानाडोळा’ला माझी हरकत नाही, आमच्याकडे रोज बोलतात. पण त्यात तरी डोळा आलाच ना? आणि ‘काणा’ म्हणजे एका डोळ्याचा. मग तेही काढायचं का?

श्राव्य_वाचक

आप्पा, आज कानाडोळा ऐकून कोणाच्याही मनात एका डोळ्याचा माणूस येत नाही, निदान माझ्या तरी येत नाही. शब्दाची मुळं खणत बसलं तर बोलणंच बंद होईल. मी पाहतो ते एवढंच: हा शब्द ऐकल्यावर वर्गातली पोरं माझ्याकडे वळून पाहतील का? ‘कानाडोळा’ला कोणी वळत नाही. ‘आंधळा आहेस का’ला सगळे वळतात. शाळेत मी ते वळणं ऐकलंय. बाकं करकरतात.

शिरपूरकर_72

नमस्कार, दिव्यांगांचा विषय दिसला म्हणून लिहितो. माझ्या भावाला डाव्या पायाला पोलिओ आहे. जुनं प्रमाणपत्र 45 टक्क्यांचं आहे. आता नवं ओळखपत्र काढायला तीनदा गेलो, दरवेळी ‘बोर्डाचे डॉक्टर आले नाहीत’. तुमच्यापैकी कोणी पत्रकार आहे तर याची बातमी करा. शब्द कोणतेही वापरा, पण कार्ड मिळवून द्या. गावात त्याला लंगड्या म्हणतात याचं त्याला आता काही वाटत नाही, एसटीचा पास नाही याचं वाटतं.

विशेष_शिक्षिका

दादा, हा धागा शब्दांचा आहे, पण तुमचं काम अडून राहू नये. अर्ज `swavlambancard.gov.in` वर केला असेल तर नोंदणी क्रमांक जपून ठेवा आणि तिथेच स्थिती तपासा. अर्ज कागदी असेल तर तो ऑनलाइन चढवलाय का, हे आधी विचारा. बऱ्याचदा तिथेच अडकलेलं असतं. जुनं प्रमाणपत्र आणि आधार दोन्ही स्कॅन करून जोडा. पुढच्या वेळी बोर्डाचा वार आधी फोनवर विचारून जा आणि परत पाठवलं तर तसं लेखी मागा. लेखी मिळालं की मजकूर_तपासनीस भाऊंना बातमी करता येईल.

आणि भावाला ‘काही वाटत नाही’ म्हणता, त्याबद्दल एवढंच की एकदा त्याला स्वतःला विचारून पाहा.

जिप_गुरुजी (शहादा)

वर्गाचं विचारलंत म्हणून लिहितो. माझ्यापुढे दोन अडचणी आहेत. एक, म्हणी आणि वाक्प्रचार शिकवावेच लागतात. ‘म्हण पूर्ण करा’ म्हणून प्रश्न येतो, मी गाळल्या तर पोरांचे गुण जातात. माझ्या सातवीत एक मुलगी आहे, तिला खूप कमी दिसतं. ‘आंधळा मागतो एक डोळा’ फळ्यावर लिहिलं की मला तिच्याकडे बघवत नाही.

दुसरी अडचण आमच्याच शिक्षक खोलीतली. ‘बहिरा आहेस का?’, ‘डोळे फुटले का?’, ‘मतिमंद कुठला’ हे दिवसाला कितीदा तरी ऐकू येतं. बोलणाऱ्या शिक्षकांच्या मनात काही नसतं, पण ऐकणाऱ्या पोराच्या मनात राहतं.

विशेष_शिक्षिका

गुरुजी, दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करते, कारण तिथे नुकसान मोठं आहे आणि ते कोणाला दिसत नाही.

‘बहिरा आहेस का’ असं ज्या मुलाला वरचेवर म्हणावं लागतं, त्याला खरंच कमी ऐकू येत असण्याची शक्यता असते. आमच्या भागात पावसाळ्यात कान वाहणं नेहमीचं आहे. आई तेल घालते, कापूस कोंबते आणि विसरते. असं मूल वर्गात कसं ओळखायचं? हाक मारली की ते मान एकाच बाजूला वळवतं. तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोललात तर चुकतं, त्याच्याकडे तोंड केलं तर बरोबर लिहितं, कारण ते ओठ वाचत असतं. श्रुतलेखनात ‘पट’ला ‘कट’, ‘साप’ला ‘ताप’ लिहितं. विचारलं एक तर उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं देतं आणि वर्ग हसतो. अशा मुलाला ‘बहिरा’ म्हणून झापलं की ऐकू येत नाही हे सांगण्याचं दारच बंद होतं. उद्यापासून ते ऐकू आल्यासारखी मान डोलवायला शिकतं. मग आपण त्याला ढ ठरवतो.

म्हणून वाक्य बदलायचं. ‘ऐकू आलं नसेल तर हात वर कर, पुन्हा सांगतो.’ ‘फळा दिसत नसेल तर पुढे ये.’ हे पूर्ण वर्गाला सांगायचं, एकट्याला नाही. आठवडाभरात कोण पुन्हा पुन्हा हात वर करतं, ते वहीत लिहून ठेवायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, ती नावं त्यांच्यापुढे ठेवायची. पथक यायला वेळ असेल तर पालकांना बोलावून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. वाहत्या कानाला वेळेत औषध मिळालं तर पुष्कळ मुलांचं ऐकू येणं सुधारतं.

‘मतिमंद’ला मात्र पर्यायी शिवी शोधू नका. ‘हे उदाहरण जमलं नाही, कुठे अडलास?’ एवढंच विचारा.

म्हणींबद्दल. गाळू नका, पण उघड्यावर शिकवा. म्हण लिहा, अर्थ सांगा आणि मुलांनाच विचारा की हाच अर्थ दुसऱ्या कोणत्या म्हणीतून येतो. ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ला ‘ओसाड गावी एरंड बळी’ आहेच. ‘आंधळ्यापुढे नाच, बहिऱ्यापुढे गाणे’ला ‘पालथ्या घड्यावर पाणी’. ‘आंधळं दळतंय’ला तंतोतंत जोडी मला सापडली नाही. ‘आयत्या बिळावर नागोबा’त दुसऱ्याच्या कष्टावर डल्ला येतो, पण दुर्लक्षामुळे झालेली नासाडी येत नाही. तिथे साध्या वाक्यात सांगायला लावा. परीक्षेत म्हण आली तर मुलं लिहितील आणि स्वतःच्या निबंधात वापरताना थांबून विचार करतील. त्या मुलीला मात्र आधी एकटीला विचारा, हा धडा कसा घेऊ म्हणून. कदाचित ती म्हणेल, बिनधास्त घ्या. कदाचित वेगळं सांगेल. तिच्या वतीनं आपण ठरवू नये.

नंदुरबारची_ताई

मी वाचत होते, आता लिहिते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. बातमीत तिच्यासारख्यांना ‘मूकबधिर’ लिहितात. ती मुकी नाही. खुणांच्या भाषेत तिचं बोलणं एवढं चालतं की हात थांबत नाहीत, आणि आवाजही निघतो, फक्त तुम्हाला तो ओळखीचा वाटत नाही. ‘कर्णबधिर’ लिहा. शाळेच्या पाटीवर ‘मूकबधिर विद्यालय’ असेल तर शाळेचं नाव तसंच राहू द्या, ते नाव आहे. पण त्या शाळेतल्या मुलीला ‘मूकबधिर मुलगी’ म्हणू नका.

‘मुकी जनावरं’ याबद्दल माझं मन पक्कं होत नाही. पोळ्याच्या बातमीत दरवर्षी येतं. मुलीनं एकदा वाचून खुणेनं विचारलं, ‘मी पण यांच्यात?’ मी नाही म्हटलं, पण पुढे काय सांगावं ते सुचलं नाही.

भो_धुळेकर

ताई, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. आमचा बैल मुका नव्हता. दावं सैल झालं तर हंबरून गल्ली जागी करायचा. ‘जनावरांचेही हाल’ एवढं लिहिलं तरी बातमीत काही कमी पडत नाही. ‘मुकी’ कशाला जोडतात कोण जाणे.

पण माझ्या आईची म्हण मी टाकणार नाही. घरात बोलीन. वर्गात आणि पेपरात नको, हे मान्य.

मजकूर_तपासनीस

आता अवघड भागावर येतो. पोलिसांकडून येणाऱ्या माहितीत ‘वेडसर इसम’, ‘मतिमंद मुलीवर अत्याचार’ असे शब्द असतात. वार्ताहर तसेच उचलतो, म्हणतो ‘फिर्यादीत तसंच आहे’. ‘मतिमंद’ऐवजी ‘बौद्धिक दिव्यांग’ लिहायचं हे मला कळतं. तेवढं पुरेसं आहे का?

विशेष_शिक्षिका

नाही भाऊ, तिथे शब्द बदलून भागत नाही. तुमची बातमी अशी येते: ‘अमुक तालुक्यातील तमुक गावात सोळा वर्षीय मतिमंद मुलीवर अत्याचार’. हजार-बाराशे वस्तीच्या गावात त्या वयाच्या आणि तशा किती मुली असतात? एकच. म्हणजे नाव न छापता तुम्ही ओळख छापली. पोक्सो कायद्याचं कलम 23 नाव-पत्त्यापुरतं नाही. शाळा, शेजार, कुटुंब, किंवा ज्यातून मूल ओळखू येईल असा कोणताही तपशील छापायला त्यात बंदी आहे. मुलीचं दिव्यांगत्व हा इथे तसाच तपशील ठरतो. अत्याचार प्रौढ स्त्रीवर झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे, तिथेही ओळख उघड करता येत नाही.

मग काय करायचं? तालुक्यापर्यंत थांबा, गाव नको. दिव्यांगत्वाचा उल्लेख तपासात किंवा खटल्यात महत्त्वाचा असेल, म्हणजे जबाब घेताना विशेष शिक्षक बोलावला का, दुभाषी होता का, तर तो करा, पण त्या वेळी गाव, शाळा, नातं सगळं काढा. दोन्ही एकत्र नकोत. वार्ताहर म्हणेल, गाव नाही तर बातमी कसली. त्याला त्या मुलीच्या दारात उद्या सकाळी कोण उभं राहील ते विचारा.

‘वेडसर इसम’चंही असंच. मारहाण केली, दगड फेकले, हे लिहा. तो आजारी होता की नाही हे डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि घटनेशी त्याचा संबंध असेल तरच लिहा. ‘आरोपी वेडसर असल्याचे समजते’ हे कोणाकडून समजतं? बहुतेक वेळा शेजाऱ्याकडून.

कलम_कायदा

पोक्सोचं बरोबर आहे, तपासलं. मग ‘अंधश्रद्धा’चं काय? तो शब्द तर चळवळीचा आहे. ‘अंधभक्त’, ‘अंधानुकरण’ पण.

जिप_गुरुजी

एक नोंद करतो. महाराष्ट्रात 2013 साली जो कायदा झाला, त्याला लोक अंधश्रद्धाविरोधी कायदा म्हणतात, पण त्याच्या नावात तो शब्द नाही. ‘नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा’ असं नाव आहे, म्हणजे काय बंद करायचं ते सरळ लिहिलंय. मी वर्गात भगत, भानामती, डाकीण असंच नेमकं बोलतो. आमच्या सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारतात, त्याला ‘अंधश्रद्धा’ म्हटलं तर फार सौम्य होतं.

श्राव्य_वाचक

मला स्वतःला ‘अंधश्रद्धा’ बोचत नाही. माझ्या एका मित्राला बोचतो, तोही अंध आहे. आम्ही यावर भांडून थकलो. टिपणात ‘याबद्दल एकमत नाही’ असं लिहा, खोटं एकमत दाखवू नका.

‘दिव्यांग’बद्दलही तेच. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी तो शब्द पुढे आणला, नंतर खात्यांची नावं बदलली, आता कागदोपत्री तोच आहे. बातमीत लिहा, हरकत नाही. पण माझ्यात दिव्य काही नाही. मी रोज साडेनऊची पॅसेंजर पकडतो आणि फलाटावर उभ्या केलेल्या मोटारसायकलींवर आपटतो. मला ‘अंध बँक कर्मचारी’ म्हणा, आणि बातमी माझ्या अंधत्वाची नसेल तर नुसतं ‘बँक कर्मचारी’ म्हणा. शक्य असेल तिथे त्या माणसालाच विचारा, ‘तुमच्याबद्दल काय लिहू?’ एका फोनचं काम आहे.

नंदुरबारची_ताई

आणि ‘अपंगत्वावर मात करत दहावीत यश’ हेही थांबवा. माझ्या मुलीनं कशावर मात केली असेल तर ती दुभाष्याशिवाय चाललेल्या तासांवर. ते कोणी लिहीत नाही.

मजकूर_तपासनीस

ताई, हे टिपणात पहिल्या परिच्छेदात घेतो.

शेवटची एक गाठ राहिली. निवडणूक जवळ आली की सभांमधून ‘हे आंधळं-बहिरं सरकार’, ‘लुळा-पांगळा विरोधी पक्ष’ असं सर्रास येतं. अवतरणात असेल तर बदलायचा अधिकार आम्हाला नाही. काय करावं?

विशेष_शिक्षिका

अवतरण बदलायचं नाही, हे बरोबर. पण अवतरण द्यायचंच असं कुठे आहे? त्यांनी सरकारवर कोणता आरोप केला तो तुमच्या शब्दांत लिहा: ‘कापसाच्या भावाच्या मागणीकडे सरकारने दुर्लक्ष केल्याची टीका त्यांनी केली.’ तो शब्दच बातमी झाला असेल, म्हणजे त्यावर कोणी आक्षेप घेतला, माफी मागितली, तर अवतरण द्या आणि आक्षेपही द्या. मथळ्यात मात्र कधीच नको, मथळा तुमचा असतो.

भो_धुळेकर

इथे मी सहमत नाही. पुढारी व्यासपीठावरून काय बोलला ते जसंच्या तसं लोकांना कळायला पाहिजे. तुम्ही सभ्य करून छापलं तर तोच सभ्य दिसेल.

श्राव्य_वाचक

आप्पांचं म्हणणं मला पटतंय. ताईंचंही पटतंय. ज्या सभेत तो बोलला तिथे मी बसलेला असेन, तर मला ते छापून यावं असं वाटेल. घरी बसून दहाव्यांदा वाचत असेन, तर नको वाटेल. मजकूर_तपासनीस भाऊ, टिपण तयार झालं की इथे टाका, मी माझ्या मित्रालाही ऐकवतो. तो माझ्यापेक्षा कडक आहे.